तीन नोड, तीन व्होल्टेज: नोड समीकरणं मॅट्रिक्समध्ये मांडून सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मी एकाच सर्किटच्या आधाराने सोडवले आहेत. दर प्रश्नाला नवं सर्किट घेतलं की आकडे बदलतात आणि मूळ गोष्ट हातातून निसटते. एकच सर्किट शेवटपर्यंत सोबत ठेवलं, तर मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा कुठल्या रोधामुळे आला हे डोळ्यांसमोर राहतं. माझ्या मते या विषयात तेच सर्वांत कामाचं आहे.

आपलं सर्किट कोणतं?

चार नोड आहेत. खालची सामाईक तार म्हणजे नोड ०. तिला संदर्भ धरू आणि तिचं व्होल्टेज शून्य मानू. उरलेल्या तीन नोडची व्होल्टेज V1, V2, V3 आपल्याला काढायची आहेत. रोध असे जोडले आहेत, किमती किलोओहममध्ये:

```
नोड 1 - नोड 0 : 8
नोड 2 - नोड 0 : 4
नोड 3 - नोड 0 : 2  (याच्याशी सिरीजमध्ये 1.5 V चा सेल)
नोड 1 - नोड 2 : 2
नोड 2 - नोड 3 : 4
नोड 1 - नोड 3 : 8
```

याशिवाय नोड ० पासून नोड १ मध्ये ४ मिलिअँपिअर ढकलणारा एक करंट सोर्स आहे. सेलचं ऋण टोक नोड ० ला आहे आणि धन टोक २ किलोओहमच्या रोधातून नोड ३ ला जोडलं आहे. कागद घेऊन हे सर्किट एकदा काढा. पुढचं वाचताना ते शेजारी असलं की बरं पडतं.

तीन समीकरणं येतात कुठून?

किरचॉफच्या करंटच्या नियमातून. गुस्टाव किरचॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेला हा नियम सांगतो की नोडमधून रोधांवाटे जितका करंट बाहेर जातो, तितकाच सोर्सकडून आत यायला हवा. नोड १ साठी तो पूर्ण लिहून बघू:

```
V1/8 + (V1 - V2)/2 + (V1 - V3)/8 = 4
```

रोध किलोओहममध्ये आणि व्होल्टेज व्होल्टमध्ये असलं की करंट आपोआप मिलिअँपिअरमध्ये येतो, म्हणून दहाच्या घातांचा त्रास नाही. मात्र एक रोध ओहममध्ये आणि दुसरा किलोओहममध्ये असं कधी करू नका. हजारपटीची चूक मॅट्रिक्समध्ये शिरली की ती शोधणं कठीण जातं.

आता दोन्ही बाजूंना ८ ने गुणा आणि V1, V2, V3 यांचे सहगुणक एकत्र करा:

```
6 V1 - 4 V2 - 1 V3 = 32
```

यातला ६ हा नोड १ ला टेकणाऱ्या तिन्ही रोधांच्या कंडक्टन्सची बेरीज आहे. कंडक्टन्स म्हणजे रोधाचा व्यस्त. आपल्या मापात (८ ने गुणलेल्या) ती १ + ४ + १ होते. वजा ४ म्हणजे नोड २ कडे जाणारा २ किलोओहमचा रोध, आणि वजा १ म्हणजे नोड ३ कडे जाणारा ८ किलोओहमचा रोध.

मग प्रत्येक नोडसाठी हे सगळं लिहायलाच हवं का?

एकदोनदा हाताने लिहा. मग सर्किटकडे बघून थेट मॅट्रिक्स भरता येतो. मुख्य कर्णावर त्या नोडला टेकणाऱ्या सगळ्या कंडक्टन्सची बेरीज येते. कर्णाबाहेरच्या जागी त्या दोन नोडमधल्या कंडक्टन्सची किंमत ऋण चिन्हासह येते. उजव्या स्तंभात सोर्सनी त्या नोडमध्ये आणलेला करंट येतो. आपल्या सर्किटसाठी, सगळं ८ ने गुणून:

```
[  6  -4  -1 ] [V1]   [32]
[ -4   8  -2 ] [V2] = [ 0]
[ -1  -2   7 ] [V3]   [ 6]
```

नोड २ ला एकही सोर्स टेकत नाही, म्हणून उजवीकडे शून्य. तो शून्य लिहायला विसरून पुढच्या ओळीचा आकडा वर सरकवणं ही नेहमी होणारी चूक आहे.

सेल तर व्होल्टेज सोर्स आहे. तो उजवीकडे ६ कसा झाला?

सेल २ किलोओहमच्या रोधाशी सिरीजमध्ये आहे, म्हणून त्याच्या फांदीतला करंट लिहिता येतो. नोड ३ मधून त्या फांदीत जाणारा करंट `(V3 - 1.5)/2`. यातला V3/2 डावीकडे राहतो आणि नोड ३ च्या बेरजेत भर घालतो. उरलेला ०.७५ मिलिअँपिअर उजवीकडे जाऊन आत येणारा करंट बनतो, आणि ८ ने गुणल्यावर त्याचे ६ होतात.

इथे चिन्हाबद्दल एकच प्रश्न स्वतःला विचारा: सेलचं कोणतं टोक नोडकडे आहे? धन टोक नोडकडे असेल तर उजवीकडे अधिक, नाहीतर उणे. फांदीतला करंट शेवटी कुठल्या दिशेने वाहील याचा अंदाज इथे लावू नका. आपल्याच सर्किटमध्ये तो शेवटी सेलच्या धन टोकातून आत शिरतो, तरी उजवीकडे अधिक ६ हेच बरोबर आहे.

सोडवायला बसण्याआधी मॅट्रिक्स बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात. आधी समरूपता बघा. रोध आणि स्वतंत्र सोर्स एवढंच असेल तर मॅट्रिक्स कर्णाभोवती आरशासारखा असतो: पहिल्या ओळीतला दुसरा आकडा आणि दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा सारखेच.

मग प्रत्येक ओळीची बेरीज करा. पहिल्या ओळीची बेरीज ६ − ४ − १ = १, दुसरीची २, तिसरीची ४. हे आकडे म्हणजे प्रत्येक नोडपासून संदर्भापर्यंत थेट जाणारा कंडक्टन्स: ८ किलोओहमचा १, ४ किलोओहमचे २, २ किलोओहमचे ४. जुळलं. दोन नोडमधला रोध कर्णावर धरला पण बाहेर लिहायचा राहिला, तर ही बेरीज लगेच बिघडते.

एक चूक मात्र या दोन्ही तपासण्यांतून सुटते: दोन नोडमधला एखादा रोध सर्वच जागी विसरणं. म्हणून रोध मोजा. दोन नोडमधला रोध मॅट्रिक्समध्ये चार जागी दिसतो, दोनदा कर्णावर आणि दोनदा बाहेर. संदर्भाला जोडलेला रोध फक्त एकदा दिसतो. मी आकृतीतल्या प्रत्येक रोधावर पेन्सिलने खूण करत जातो.

निश्चयकाने कसं सोडवायचं?

ही क्रेमरची पद्धत. गॅब्रिएल क्रेमर यांनी ती १७५० मध्ये प्रसिद्ध केली. आधी मूळ मॅट्रिक्सचा निश्चयक Δ काढायचा. मग ज्या व्होल्टेजची किंमत हवी त्याच्या स्तंभाच्या जागी उजवा स्तंभ ठेवून नवा निश्चयक काढायचा आणि त्याला Δ ने भागायचं.

Δ पहिल्या ओळीने उलगडू:

```
Δ = 6(8·7 - (-2)(-2)) - (-4)((-4)·7 - (-2)(-1)) + (-1)((-4)(-2) - 8(-1))
  = 6·52 + 4·(-30) - 1·16
  = 312 - 120 - 16 = 176
```

V1 साठीचा निश्चयक उलगडताना पहिली ओळ घेऊ नका. सोर्सचा स्तंभ घ्या, कारण त्यात एक शून्य आहे:

```
     | 32  -4  -1 |
Δ1 = |  0   8  -2 | = 32·52 + 6·16 = 1664 + 96 = 1760
     |  6  -2   7 |

V1 = 1760 / 176 = 10 V
```

सोर्सच्या स्तंभाने उलगडण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला फार आवडतो. Δ1 चे दोन तुकडे हे दोन सोर्सचे वेगवेगळे वाटे आहेत. १६६४ भागिले १७६ म्हणजे ९.४५ व्होल्ट, हा एकट्या करंट सोर्समुळे आलेला भाग. ९६ भागिले १७६ म्हणजे ०.५५ व्होल्ट, हा एकट्या सेलमुळे. सुपरपोझिशन वेगळं करायची गरजच पडत नाही, ते निश्चयकाच्या पोटातच आहे.

उरलेले दोन तसेच:

```
Δ2 = 32·30 + 6·16 = 960 + 96 = 1056     V2 = 6 V
Δ3 = 32·16 + 6·32 = 512 + 192 = 704     V3 = 4 V
```

Δ1 मध्ये सेलच्या ६ शेजारी १६ आहे आणि Δ3 मध्ये करंट सोर्सच्या ३२ शेजारीही १६ आहे. हा योगायोग नाही. नोड ३ मध्ये सोडलेल्या करंटचा नोड १ वर जो परिणाम, तोच नोड १ मध्ये सोडलेल्या करंटचा नोड ३ वर. मॅट्रिक्स समरूप असल्याचं हे फळ आहे.

निश्चयकात माझं चिन्ह नेहमी चुकतं. पकडायचं कसं?

बहुतेक चुका मधल्या पदात होतात. तिथे उलगडण्याच्या नियमाचं वजा असतं, आकड्याचं स्वतःचं वजा असतं आणि आतला छोटा निश्चयकही ऋण येतो. तीन वजा एकत्र आले की हात घसरतो. म्हणून वर दाखवल्याप्रमाणे आधी प्रत्येक कंसाची किंमत काढा (५२, −३०, १६) आणि चिन्हं नंतरच्या ओळीत जुळवा. दोन्ही कामं एका दमात करू नका.

केवळ रोधांचं सर्किट असेल तर दोन भक्कम तपासण्या आहेत. पहिली: Δ शून्याहून मोठा आणि कर्णावरच्या आकड्यांच्या गुणाकाराहून मोठा नाही, असाच यायला हवा. आपल्याकडे ६ × ८ × ७ = ३३६, म्हणून Δ शून्य आणि ३३६ यांच्या मध्ये. मधलं चिन्ह चुकून १२० मिळवले असते, तर Δ ४१६ आला असता आणि V1 साधारण ४.२३ व्होल्ट. ते उत्तर दिसायला अगदी साधं वाटतं, पण ४१६ हा ३३६ पेक्षा मोठा आहे, तेव्हा तिथेच थांबायचं.

दुसरी: सोर्सच्या स्तंभाने उलगडताना सोर्सच्या आकड्याला गुणणारा छोटा निश्चयक, त्याचं जागेनुसार येणारं चिन्ह लावल्यावर, कधीच ऋण येत नाही. वरच्या तिन्ही ओळींत ५२, १६, ३०, १६, १६, ३२ असे सगळे धन आकडे आहेत. याचं कारण सर्किटमध्येच आहे: एका नोडमध्ये करंट ढकलला तर रोधांच्या जाळ्यातला कुठलाच नोड संदर्भाच्या खाली जाऊ शकत नाही.

लोप पद्धतीने तेच कसं करायचं?

खालच्या दोन ओळींतून V1 काढून टाकायचा, मग शेवटच्या ओळीतून V2, आणि मग खालून वर किमती भरत जायचं. उजवा स्तंभ मॅट्रिक्सला चिकटवून घ्या, म्हणजे तो मागे राहत नाही:

```
[  6  -4  -1 | 32 ]
[ -4   8  -2 |  0 ]
[ -1  -2   7 |  6 ]
```

दुसऱ्या ओळीत पहिल्या ओळीचे ४/६ मिळवा, तिसरीत १/६ मिळवा. अपूर्णांक नको असतील तर असं करा: दुसरी ओळ २ ने भागून ३ ने गुणा आणि तीत पहिली मिळवा. तिसरी ६ ने गुणा आणि तीतही पहिली मिळवा.

```
[ 6   -4  -1 | 32 ]
[ 0    8  -4 | 32 ]
[ 0  -16  41 | 68 ]
```

आता दुसरी ओळ दुप्पट करून तिसरीत मिळवा:

```
33 V3 = 132   म्हणून   V3 = 4
8 V2 = 32 + 4·4 = 48   म्हणून   V2 = 6
6 V1 = 32 + 4·6 + 4 = 60   म्हणून   V1 = 10
```

ओळ गुणताना उजवा आकडा गुणायचा राहणं, ही इथली ठरलेली चूक. ६ ला ६ ने गुणून ३६ करायचे आणि त्यात ३२ मिळवायचे, तेव्हा ६८ येतात. घाईत ६ मध्येच ३२ मिळवले की ३८ येतात आणि पुढचं सगळं उत्तर बिघडतं.

लोप करताना सर्किटमध्ये नेमकं काय घडतं? ही नुसती आकडेमोड आहे का?

नाही. हा प्रश्न फार कमी विचारला जातो, तरी याचं उत्तर कळलं की लोपाची प्रत्येक पायरी आकृतीत दिसू लागते.

V1 चा लोप करणं म्हणजे सर्किटमधून नोड १ काढून टाकणं, मात्र असं की नोड २ आणि नोड ३ ला फरक जाणवू नये. नोड १ ला तीन रोध टेकतात: संदर्भाकडे ८, नोड २ कडे २, नोड ३ कडे ८ किलोओहम. हा एक तारा आहे. लोपाने त्याचा त्रिकोण होतो. म्हणजे स्टार-डेल्टा रूपांतर तुम्ही नाव न घेता करून टाकलेलं असतं.

पडताळून बघू. ताऱ्याच्या कंडक्टन्स मिलिसिमेन्समध्ये ०.१२५, ०.५ आणि ०.१२५. बेरीज ०.७५. नोड २ आणि ३ मध्ये नवा रोध येतो, त्याचा कंडक्टन्स ०.५ × ०.१२५ भागिले ०.७५, म्हणजे १/१२ मिलिसिमेन्स, म्हणजे १२ किलोओहम. तिथे आधीचा ४ किलोओहम होताच. दोन्ही समांतर मिळून ३ किलोओहम.

आता अपूर्णांकांसह केलेला लोप बघा. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या स्तंभाखाली −२ − ४/६ = −८/३ येतं. आपण सगळं ८ ने गुणलं होतं, म्हणून खरा कंडक्टन्स १/३ मिलिसिमेन्स. म्हणजे ३ किलोओहम. तंतोतंत तोच.

करंट सोर्सचंही असंच. नोड १ गेल्यावर त्याचा ४ मिलिअँपिअर कुठे जाईल? तो त्याच तिन्ही रोधांच्या कंडक्टन्सच्या प्रमाणात वाटला जातो. नोड २ च्या वाट्याला ४ × ०.५/०.७५ = २.६७ मिलिअँपिअर. लोपानंतर दुसऱ्या ओळीच्या उजवीकडे ३२ × ४/६ = २१.३३ येतात, आणि ८ ने भागल्यावर तेच २.६७.

शेवटच्या आकड्यालाही अर्थ आहे. ओळी गुणून न बदलता लोप केला तर कर्णावर ६, १६/३ आणि ५.५ उरतात. तिघांचा गुणाकार १७६, म्हणजे आपला Δ. आणि शेवटचा ५.५ म्हणजे नोड ३ आणि संदर्भ यांच्यामध्ये बघितल्यावर दिसणारा समतुल्य कंडक्टन्स. ८ भागिले ५.५ म्हणजे १.४५ किलोओहम, हा नोड ३ चा थेवेनिन रोध. तो हवा असेल तर वेगळं गणित करू नका. ज्या नोडचा रोध हवा त्याला शेवटच्या क्रमांकावर ठेवा आणि लोप करा.

दोन्हींतली कोणती पद्धत वापरावी?

तीनच अज्ञातं असतील आणि त्यातलं एकच हवं असेल, तर निश्चयक. दोन निश्चयकांत काम होतं. एखादा रोध अक्षरात दिला असेल आणि V2 त्या अक्षरात हवा असेल, तेव्हाही निश्चयकच. लोपात अक्षर प्रत्येक भागाकारात शिरतं आणि पसारा वाढतो.

तिन्ही व्होल्टेज हवी असतील तर मी लोपच करतो. तीन अज्ञातांसाठी त्यात साधारण १७ गुणाकार-भागाकार लागतात. चार निश्चयक उलगडायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. अज्ञातं वाढली की फरक प्रचंड होतो: दहा नोडसाठी लोपाला सुमारे ४३० गुणाकार-भागाकार पुरतात, तर उलगडून काढलेल्या एकाच निश्चयकाला ३६ लाखांहून अधिक गुणाकार लागतात. सर्किट सोडवणारी संगणकीय पॅकेजेस लोपाच्याच जातकुळीतली पद्धत वापरतात, ती याच कारणाने.

उत्तर आल्यावर काय तपासायचं?

मॅट्रिक्समध्ये किमती परत भरल्या तर फक्त सोडवण्यातली चूक सापडते. मॅट्रिक्सच चुकीचा लिहिला असेल तर तीही तपासणी बिनबोभाट पार पडते. म्हणून आकृतीकडे परत जा आणि प्रत्येक रोधातला करंट काढा.

नोड १: संदर्भाकडे १०/८ = १.२५, नोड २ कडे ४/२ = २, नोड ३ कडे ६/८ = ०.७५. बेरीज ४ मिलिअँपिअर, सोर्सइतकीच. नोड २: आत २ येतात, संदर्भाकडे ६/४ = १.५ आणि नोड ३ कडे २/४ = ०.५ जातात. नोड ३: आत ०.५ आणि ०.७५ येतात, सेलच्या फांदीत (४ − १.५)/२ = १.२५ जातात. तिन्ही जुळले.

वेळ असेल तर पॉवरही जुळवा. करंट सोर्स १० व्होल्टवर ४ मिलिअँपिअर देतो, म्हणजे ४० मिलिवॅट. सहा रोधांत मिळून ३८.१२५ मिलिवॅट खर्च होतात. उरलेले १.८७५ मिलिवॅट सेलमध्ये जातात (१.५ × १.२५), कारण करंट त्याच्या धन टोकातून आत शिरतो. सेल इथे चार्ज होतो आहे, आणि हे मॅट्रिक्सकडे बघून कळलं नसतं.

Δ शून्य आला तर?

केवळ रोधांच्या सर्किटमध्ये याचा एकच अर्थ: नोडांचा एखादा गट संदर्भाला कुठेच जोडलेला नाही. आपल्या सर्किटमधले संदर्भाकडे जाणारे तिन्ही रोध काढून बघा:

```
[  5  -4  -1 ]
[ -4   6  -2 ]   Δ = 70 - 56 - 14 = 0
[ -1  -2   3 ]
```

प्रत्येक ओळीची बेरीज शून्य. तिन्ही नोड एकमेकांच्या तुलनेत ठरलेले, पण जमिनीच्या तुलनेत लोंबकळते. सर्किट आकृतीत जोडलेलं असूनही Δ शून्य आला, तर संदर्भाकडे जाणारा रोध लिहायचा राहिला आहे.

जवळजवळ शून्य Δ हा त्याहून फसवा असतो. या लोंबकळत्या सर्किटला नोड १ पाशी ८ मेगाओहमचा एकच रोध लावा. पहिला आकडा ५.००१ होतो आणि Δ फक्त ०.०१४. आता कोणी ५.००१ चे ५.०० केले, तर Δ शून्य होऊन सगळं गणितच नाहीसं होतं. मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहानसा Δ उरत असेल, तर शेवटच्या पायरीपर्यंत अंक तोडू नका. कॅल्क्युलेटरमधले सगळे ठेवा.

दोन नोडमध्ये थेट व्होल्टेज सोर्स असेल, सिरीजमध्ये रोधच नसेल तर?

मग त्या फांदीतला करंट व्होल्टेजवरून लिहिता येत नाही, म्हणून सुपरनोड करावा लागतो. समजा नोड १ आणि ३ मध्ये ६ व्होल्टचा सोर्स लावला, धन टोक नोड १ कडे. पहिली आणि तिसरी ओळ मिळवा, आणि मोकळ्या झालेल्या जागी सोर्सचं समीकरण ठेवा:

```
[  5  -6   6 | 38 ]
[ -4   8  -2 |  0 ]
[  1   0  -1 |  6 ]
```

बेरजेत नोड १-३ मधला ८ किलोओहम आपोआप निघून गेला: ६ चे ५ झाले, ७ चे ६. तसं झालं नाही तर बेरीज चुकली. उत्तर पुन्हा १०, ६ आणि ४ व्होल्टच येतं, कारण त्या दोन नोडमध्ये आधीच ६ व्होल्टचा फरक होता. हा सोर्स काहीच करंट वाहत नाही. मॅट्रिक्स आता समरूप नाही, म्हणून आधीच्या तपासण्या इथे लावू नका.

आणि डिपेंडंट सोर्स असेल तर?

तो आधी उजवीकडे लिहा, मग अज्ञात असलेला भाग डावीकडे आणा. समजा मूळ सर्किटच्या नोड ३ मध्ये ०.२५·V1 मिलिअँपिअर ढकलणारा सोर्स जोडला. ८ ने गुणून तो २·V1, आणि डावीकडे आणल्यावर तिसऱ्या ओळीतला −१ हा −३ होतो. बदलते ती फक्त हीच जागा. पहिल्या ओळीतला −१ तसाच राहतो. समरूपता मोडली म्हणून घाबरून तोही बदलण्याची चूक पुष्कळजण करतात.

Δ आता १४४ होतो. Δ1 मात्र १७६० च राहतो, कारण तो काढताना पहिला स्तंभ, म्हणजे बदललेला आकडा असलेलाच स्तंभ, आपण काढून टाकतो. V1 = १७६०/१४४ = १२.२२ व्होल्ट. V2 येतो ८.२२ आणि V3 ८.४४.

या सोर्सचा गुणक g मिलिसिमेन्स धरला तर Δ = १७६ − १२८g. g वाढवत नेला की Δ लहान होत जातो, V1 वाढत जातो, आणि g = १.३७५ ला Δ शून्य होतो. रोध सगळे संदर्भाला नीट जोडलेले असतानाही. त्यापुढे Δ ऋण होतो आणि गणित सांगतं की ४ मिलिअँपिअर आत ढकलूनही V1 ऋण येईल. कागदावर ते उत्तर बिनचूक असतं, पण प्रत्येक नोडपाशी थोडी तरी कपॅसिटन्स असतेच आणि तिच्यासह ही स्थिती टिकत नाही: नोड १ थोडा वर गेला की नोड ३ मध्ये जास्त करंट येतो, तो नोड १ ला आणखी वर ढकलतो आणि व्होल्टेज पळत सुटतं. डिपेंडंट सोर्स असताना Δ चं चिन्ह ऋण दिसलं, तर आधी आकडेमोड तपासा. ती बरोबर निघाली, तर सर्किटमधला फीडबॅक तपासा.